अंधाऱ्या दृश्यात लॅपटॉपची स्क्रीन लुकलुकते, गेम अडखळतो : अ‍ॅडॅप्टिव्ह सिंकच्या खालच्या सीमेवरची अडचण

तक्रार साधारण अशी असते. लॅपटॉपची स्क्रीन १४४ किंवा १६५ हर्ट्झची आहे, स्क्रीनचा ताल गेमच्या चित्रांशी जुळवणारे अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक चालू आहे, गेम सरासरी ६० एफपीएसच्या आसपास चालतो आणि उघड्या माळावर, भर दिवसाच्या दृश्यात सगळे सुरळीत दिसते. मात्र पात्र गुहेत शिरले, रात्र झाली किंवा करडी लोडिंग स्क्रीन आली की संपूर्ण पडद्याचा उजेड किंचित कमी-जास्त होऊ लागतो आणि त्याच सुमारास हालचालीत मधूनच एखादा झटका जाणवतो. ड्रायव्हर नव्याने टाकला की काही दिवस बरे वाटते आणि मग तीच तक्रार परत येते. पॅनेल खराब झाले असे समजून लॅपटॉप दुरुस्तीला नेला जातो, तिथे डेस्कटॉपवर काहीच दोष दिसत नाही आणि तो तसाच परत येतो.

बहुतेक वेळा पॅनेल निर्दोष असते. ज्या किमान ते कमाल हर्ट्झच्या दरम्यान सिंक चालते तो पॅनेलचा परिवर्ती रिफ्रेश पट्टा; गेमचा फ्रेम रेट त्याच्या खालच्या टोकावर घुटमळत असतो आणि अडचण नेमकी त्या टोकावर निर्माण होते. ती परत परत का येते याचेही कारण यातच आहे. ड्रायव्हर नवा टाकला की सिंकची सेटिंग अनेकदा मूळ स्थितीला जाते, त्यामुळे दोष गेल्यासारखा वाटतो. पुढे सेटिंग पुन्हा चालू होते, किंवा गेमचा नवा, अधिक जड भाग सुरू होतो आणि फ्रेम रेट पुन्हा त्याच टोकावर येऊन बसतो.

टोकावर नेमके काय घडते

ठरावीक रिफ्रेश रेटवर स्क्रीन स्वतःच्या तालावर चालते. १६५ हर्ट्झला दर ६.०६ मिलिसेकंदांनी ती नवे चित्र मागते, मग ग्राफिक्स कार्डाचे चित्र तयार असो वा नसो. तयार नसेल तर जुनेच चित्र पुन्हा उमटते, आणि अर्धवट उमटत असताना चित्र बदलले तर मधोमध फाटल्यासारखी आडवी रेघ दिसते. अ‍ॅडॅप्टिव्ह सिंकमध्ये हा क्रम उलटतो. स्क्रीन एक चित्र वरपासून खालपर्यंत रेखाटते आणि पुढचे चित्र येईपर्यंत थांबते. रेखाटण्याचा वेग तोच, म्हणजे सुमारे ६ मिलिसेकंद, राहतो आणि दोन चित्रांमधला रिकामा काळ तेवढा ताणला जातो. व्हेसा या मानक संस्थेने ही सोय २०१४ मध्ये डिस्प्लेपोर्ट १.२ए मध्ये समाविष्ट केली. लॅपटॉपमधील पॅनेल डिस्प्लेपोर्टच्याच अंतर्गत रूपाने जोडलेले असते, म्हणून लॅपटॉपमध्ये एनव्हीडियाचे जी-सिंक असो वा एएमडीचे फ्रीसिंक, पॅनेलच्या पातळीवर तत्त्व एकच असते.

हा रिकामा काळ हवा तितका ताणता येत नाही. प्रत्येक पॅनेलला एक किमान रिफ्रेश रेट असतो, बऱ्याचदा ४८ किंवा ६० हर्ट्झ. किमान ६० असेल तर स्क्रीन जास्तीत जास्त १६.७ मिलिसेकंद थांबू शकते. गेम त्याहून हळू चालू लागला की ड्रायव्हर प्रत्येक चित्र दोनदा दाखवतो. ५० एफपीएसवर पॅनेल १०० हर्ट्झने चालते, ४५ वर ९० हर्ट्झने. या युक्तीला लो फ्रेमरेट कॉम्पेन्सेशन म्हणजे एलएफसी म्हणतात. ती चालण्यासाठी पट्ट्याचे वरचे टोक खालच्या टोकाच्या किमान दुप्पट असावे लागते. ६० ते १६५ या पट्ट्यात ही अट सहज पूर्ण होते. ४८ ते ६० अशा अरुंद पट्ट्यात ती पूर्ण होत नाही आणि ४८ च्या खाली गेल्यावर सिंकचा उपयोग उरत नाही.

आता गेम ५८ आणि ६२ एफपीएस यांच्यामध्ये हेलकावे खात आहे असे समजा. ६२ एफपीएसवर पॅनेल ६२ हर्ट्झने चालते आणि प्रत्येक चित्र १६.१ मिलिसेकंद धरून ठेवते. ५८ वर आल्याबरोबर चित्रे दुप्पट होतात आणि पॅनेल ११६ हर्ट्झवर जाते, म्हणजे प्रत्येक वेळी ८.६ मिलिसेकंदांतच पिक्सेल पुन्हा भरला जातो. गेमच्या दृष्टीने हा फरक जेमतेम चार फ्रेमचा आहे, पण पॅनेलच्या दृष्टीने रिफ्रेश रेट जवळपास दुप्पट झालेला असतो. एलसीडीमधील पिक्सेलवरचा विद्युतदाब दोन रिफ्रेशच्या मध्ये अगदी थोडा ढळतो. जितका जास्त वेळ तो तसाच राहील तितका हा ढळ जास्त, आणि त्यामुळे त्या करड्या छटेची प्रत्यक्ष चमक किंचित निराळी. ओएलईडीमध्ये कारण वेगळे आहे, तिथे छटांचे कोष्टक ठरावीक रिफ्रेश रेटसाठी जुळवलेले असते. पण दिसणारा परिणाम सारखाच आणि गडद छटांमध्ये बहुधा अधिक ठळक असतो. पांढऱ्याशुभ्र आकाशात एवढा फरक डोळ्यांना कळत नाही. गडद करड्या भिंतीवर तो लगेच कळतो, म्हणून तक्रार नेहमी गुहेत आणि रात्री येते.

झटक्याचे कारणही याच टोकाला आहे. पुढचे चित्र केव्हा येईल हे ड्रायव्हरला आधी ठाऊक नसते; तो मागील चित्रांच्या वेळेवरून अंदाज बांधतो. समजा गेम १६ मिलिसेकंदांच्या तालावर होता आणि अचानक एक चित्र १७.२ मिलिसेकंदांनी आले. पॅनेलची सहनशक्ती १६.७ ला संपली, म्हणून त्याने जुने चित्र पुन्हा रेखाटायला घेतले. ते पूर्ण व्हायला ६.१ मिलिसेकंद लागतात. नवे चित्र अर्ध्या मिलिसेकंदाने हुकले, पण त्याला आता २२.८ मिलिसेकंदांपर्यंत ताटकळावे लागते. ग्राफिक्स कार्डाकडून जेमतेम सव्वा मिलिसेकंदाचा उशीर झाला आणि स्क्रीनवर तो जवळपास पावणेसातचा झाला. टोकाजवळ राहणाऱ्या गेममध्ये असे वारंवार घडू शकते. ड्रायव्हर थोडी मोकळीक ठेवून हा प्रसंग टाळण्याचा प्रयत्न करतात. तरीही चित्रांच्या वेळा अनियमित असतील तर अंदाज चुकतोच.

आधी खात्री : दोष खरोखर इथलाच आहे का

उपाय करण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात, कारण लुकलुकण्याची इतर कारणे दिसायला बरीच सारखी असतात.

पहिली चाचणी सोपी आहे. लुकलुकणाऱ्या दृश्यात पात्र स्थिर उभे करून स्क्रीन रेकॉर्डिंग करावे आणि नंतर अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक बंद ठेवून ते पाहावे. रेकॉर्डिंग ग्राफिक्स कार्डाच्या स्मृतीतील चित्र घेते, पॅनेलवरचे नाही. रेकॉर्डिंगमध्येही उजेड हलत असेल तर दोष गेमच्या प्रकाशयोजनेत, सावल्यांत किंवा ड्रायव्हरच्या चित्रणात आहे आणि या लेखातील उपायांनी तो जाणार नाही. रेकॉर्डिंग स्वच्छ असेल आणि डोळ्यांना मात्र लुकलुक दिसत असेल, तर ती पॅनेलच्या पातळीवरची आहे. त्यानंतर त्याच जागी उभे राहून सिंक बंद करून पाहावे; लुकलुक तत्काळ थांबली तर निदान जवळपास पक्के झाले.

सिंक बंद करूनही उजेड हलत राहिला तर संशय बॅटरी वाचवणाऱ्या सोयींवर घ्यावा. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये "Change brightness based on content" नावाचा पर्याय काही लॅपटॉपवर असतो आणि एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्ये "Vari-Bright" असतो. हे दोन्ही पर्याय पडद्यावर गडद भाग किती आहे हे पाहून मागचा दिवा कमी-जास्त करतात. यांची खूण अशी की उजेड थरथरत नाही. दृश्य बदलल्यावर एक-दोन सेकंदांत सावकाश चढतो किंवा उतरतो. ओएलईडी स्क्रीनवर कमी उजेडात पिक्सेल वेगाने चालू-बंद करून उजेड मंद केला जातो, त्याचाही काही जणांच्या डोळ्यांना त्रास होतो. मोबाईलच्या कॅमेऱ्यातून पाहिल्यास त्याचे सरकते पट्टे दिसतात. पण ते डेस्कटॉपवरही दिसतात आणि फ्रेम रेटशी त्यांचा काही संबंध नसतो.

दुसरी गोष्ट म्हणजे सिंक खरोखर चालू आहे का, आणि असल्यास स्क्रीन कोणत्या ग्राफिक्सला जोडलेली आहे. डेस्कटॉप संगणकावर हा प्रश्न सहसा येत नाही, लॅपटॉपवर तो अटळ आहे. पुष्कळ गेमिंग लॅपटॉपमध्ये स्क्रीनची तार प्रोसेसरमधील अंतर्गत ग्राफिक्सला जोडलेली असते. गेमचे चित्र मोठे कार्ड तयार करते आणि ते अंतर्गत ग्राफिक्समार्फत स्क्रीनपर्यंत पोहोचते. अशा संकरित स्थितीत एनव्हीडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये "Set up G-SYNC" हे पान दिसतच नाही आणि स्क्रीनचा ताल अंतर्गत ग्राफिक्सच्या ड्रायव्हरच्या हाती असतो. त्या ड्रायव्हरमध्ये अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक चालू असेल तर परिवर्ती रिफ्रेश मिळू शकतो, पण तो पर्याय इंटेलच्या किंवा एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्ये शोधावा लागतो. चुकीच्या ठिकाणी सेटिंग बदलत बसल्यामुळे "काहीही केले तरी फरक पडत नाही" अशी भावना होते, तिचे मूळ बहुधा इथेच असते.

लॅपटॉपमध्ये मक्स स्विच असेल तर उत्पादकाच्या अ‍ॅपमधून किंवा बायोसमधून स्क्रीन थेट मोठ्या कार्डाला जोडता येते. बहुतेक ठिकाणी त्यासाठी संगणक पुन्हा सुरू करावा लागतो. अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्टिमस असलेल्या लॅपटॉपवर एनव्हीडियाच्या कंट्रोल पॅनेलमधील "Manage Display Mode" या पानावरून हीच अदलाबदल पुन्हा सुरू न करता होते. थेट जोडणीनंतर "Set up G-SYNC" पान दिसू लागले पाहिजे, आणि वरच्या "Display" मेनूमधील "G-SYNC Compatible Indicator" निवडल्यास गेम सुरू असताना सिंक लागू झाल्याची खूण पडद्याच्या कोपऱ्यात दिसते. निदानाच्या काळापुरती ही थेट जोडणी ठेवावी असे माझे मत आहे, कारण मधला एक ड्रायव्हर कमी झाला की काय चालू आणि काय बंद हे नीट कळते.

तिसरी गोष्ट म्हणजे पॅनेलचा पट्टा. जाहिरातीत फक्त वरचा आकडा असतो. आपल्याला खालचा हवा आहे. विंडोजवर कस्टम रिझोल्यूशन युटिलिटी म्हणजे सीआरयू या छोट्या प्रोग्रॅममध्ये पॅनेलने स्वतः कळवलेली मर्यादा वाचता येते. लिनक्सवर एएमडीचे अंतर्गत ग्राफिक्स असेल तर एका आज्ञेत काम होते. कार्डाचा क्रमांक काही यंत्रांवर 0 ऐवजी 1 असतो.

```
sudo cat /sys/kernel/debug/dri/0/eDP-1/vrr_range
```

काहीच हाती लागले नाही तर प्रयोगाने शोधावे. व्हीआरआरटेस्ट हा मोफत प्रोग्रॅम हव्या त्या एफपीएसवर सरकत्या पट्ट्या दाखवतो. ७० पासून सावकाश खाली यावे. ज्या आकड्याच्या अलीकडे-पलीकडे गेल्यावर पडद्याची चमक एकदम बदलल्यासारखी वाटते, तेच खालचे टोक. ही चाचणी अंधाऱ्या खोलीत केल्यास फरक पटकन दिसतो.

एक उदाहरण, आकड्यांसह

१६५ हर्ट्झचे आयपीएस पॅनेल, पट्टा ६० ते १६५, स्क्रीन थेट मोठ्या कार्डाला जोडलेली आणि एक मुक्त जगाचा गेम, असे उदाहरण घेऊ. सरासरी ६१ एफपीएस आहे. सरासरी इथे फसवी ठरते, म्हणून रिव्हाट्यूनर स्टॅटिस्टिक्स सर्व्हर किंवा कॅपफ्रेमएक्समध्ये फ्रेमच्या वेळांचा आलेख काढावा. समजा आलेखात दिसते की मोकळ्या जागेत फ्रेम १४.३ मिलिसेकंदांत येतात, वस्तीत १९.२ पर्यंत जातात आणि बराच काळ १६ ते १७ मध्ये असतात. एफपीएसमध्ये बोलायचे तर गेम ५२ ते ७० मध्ये फिरतो आणि ६० ची सीमा मिनिटाला अनेकदा ओलांडतो.

याच आलेखात मधूनच ८० किंवा १०० मिलिसेकंदांचे उंच सुळके दिसत असतील तर ते बाजूला काढावेत. ते शेडर तयार होताना किंवा डिस्कवरून नवा भाग वाचताना येतात आणि अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक त्यावर काहीच करू शकत नाही. सिंक चित्र तयार झाल्यानंतरची वाट कमी करते. चित्र तयार व्हायलाच उशीर झाला तर तो उशीर दिसणारच.

आता उपाय तीन आहेत, आणि तिन्हींचा हेतू एकच : गेम आणि सीमा यांना एकमेकांपासून दूर ठेवणे.

पहिला उपाय सर्वांत साधा, आणि बहुतेकांनी आधी हाच करून पाहावा. फ्रेम रेट सीमेच्या खाली बांधून टाकावा. वरील उदाहरणात मर्यादा ५२ ठेवली तर फ्रेमचा काळ १९.२ मिलिसेकंद होतो आणि पॅनेल कायम १०४ हर्ट्झच्या जवळ चालते. गेम ४५ पर्यंत घसरला तरी पॅनेल ९० वर येते; उजेडात होणारा बदल हळूहळू आणि लहान असतो, १०४ वरून एकदम ६२ वर उडी नसते. मर्यादा ५९ ठेवू नये, कारण मर्यादा घालणाऱ्या सॉफ्टवेअरची अचूकता आणि ड्रायव्हरची मोकळीक लक्षात घेता ५९ आणि ६० यांत पुरेसे अंतर राहत नाही. सीमेपासून किमान पाच एफपीएस दूर राहणे बरे. गेममध्ये स्वतःची मर्यादा असेल तर ती प्रथम वापरावी, नसेल तर एनव्हीडियाच्या कंट्रोल पॅनेलमधील "Max Frame Rate" किंवा रिव्हाट्यूनर. अनेकांना ७० एफपीएस सोडून ५२ घेणे जिवावर येते. प्रत्यक्षात एकसारखे ५२ हे हेलकावणाऱ्या ६१ पेक्षा शांत वाटतात, विशेषतः कंट्रोलर हातात असेल तर. माउसने नेम धरण्याच्या गेममध्ये मात्र ५२ खरोखर जड वाटतील. तिथे सावल्या आणि प्रतिबिंबे एक पायरी कमी करून गेम कायम ६८ च्या वर राहील अशी व्यवस्था करणे अधिक योग्य.

दुसरा उपाय त्या एका गेमपुरता सिंक सोडून देण्याचा आहे. एनव्हीडियामध्ये "Manage 3D settings" च्या "Program Settings" मध्ये गेम निवडून "Monitor Technology" ला "Fixed Refresh" करावे; एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्येही फ्रीसिंक प्रत्येक गेमसाठी वेगळे बंद करता येते. मात्र असे करताना स्क्रीन १६५ वर ठेवू नये. १६५ ला ६० ने भागल्यास पावणेतीन येतात, म्हणून ६० एफपीएसवर एखादे चित्र तीनदा आणि एखादे दोनदा दिसते आणि हालचाल खडबडीत होते. पॅनेल १२० हर्ट्झचा पर्याय देत असेल तर तो घ्यावा आणि गेमला ६० किंवा ४० ची मर्यादा घालून व्ही-सिंक, म्हणजे चित्र स्क्रीनच्या ठरावीक तालावरच बदलण्याची सोय, चालू करावी. ४० एफपीएसवर प्रत्येक चित्र बरोबर तीन रिफ्रेश, म्हणजे २५ मिलिसेकंद राहते. आपल्या उदाहरणातील गेम ५२ च्या खाली जात नाही, त्यामुळे ४० ची मर्यादा तो कधीच मोडणार नाही आणि लुकलुकण्याचा प्रश्न मुळातूनच संपेल. ३० च्या तुलनेत ४० बऱ्यापैकी वाहते वाटतात.

तिसरा उपाय अनुभवी वापरकर्त्यांसाठी आहे आणि तो थोडा अनपेक्षित आहे. लोक सीआरयू उघडतात ते पट्ट्याचे खालचे टोक आणखी खाली, ६० वरून ४८ वर, नेण्यासाठी. त्यामुळे सीमा ४८ वर सरकते खरी, पण पॅनेलला त्याच्या रचनेपेक्षा जास्त वेळ चित्र धरायला लावले जाते. चमकेतील फरक वाढतो आणि काही पॅनेल काळी पडतात. उलट दिशेने विचार करावा. खालचे टोक ८० वर नेले, तर ६० ते १६५ चा पट्टा ८० ते १६५ असा अरुंद होतो. वरचे टोक अजूनही दुपटीपेक्षा जास्त आहे, म्हणून एलएफसी चालू राहते. आता ५२ ते ७० मधील प्रत्येक फ्रेम दुप्पट होईल आणि पॅनेल १०४ ते १४० हर्ट्झमध्ये फिरेल. सीमा ८० वर गेली आणि गेम तिथपर्यंत पोहोचतच नाही. पॅनेल स्वतःच्या मान्य पट्ट्याच्या आतच चालत असल्यामुळे त्याच्यावर ताण नाही. या युक्तीला दोन मर्यादा आहेत. ७५ ते ८५ मध्ये चालणाऱ्या दुसऱ्या गेममध्ये तीच लुकलुक नव्या सीमेवर दिसू लागेल, आणि काही लॅपटॉपचे ड्रायव्हर अंतर्गत पॅनेलसाठी हा बदल जुमानत नाहीत. बदल करण्यापूर्वी सीआरयूसोबत मिळणारी reset-all.exe ही फाईल डेस्कटॉपवर ठेवावी आणि बाहेरचा मॉनिटर जोडण्याची सोय जवळ असावी, म्हणजे स्क्रीन काळी राहिली तरी पूर्ववत करता येईल.

लोडिंग स्क्रीनवरची लुकलुक या कशानेही पूर्ण जात नाही. तिथे फ्रेम कधी ५ तर कधी काहीशे एफपीएसने येतात आणि पॅनेल पट्ट्याच्या दोन टोकांमध्ये उड्या मारते. ती निरुपद्रवी आहे, तिच्यामागे वेळ घालवू नये.

वरच्या टोकाची अडचण सौम्य असते. हलका गेम १६५ ला टेकला की सिंक संपते आणि व्ही-सिंकची रांग सुरू होते, त्यामुळे माउस किंचित मागे पडल्यासारखा वाटतो. मर्यादा १६० च्या आत ठेवली की काम भागते. एनव्हीडिया रिफ्लेक्स, जी-सिंक आणि व्ही-सिंक तिन्ही चालू असतील तर १६५ हर्ट्झवर मर्यादा आपोआप सुमारे १५७ ला बसते. ती पाहून कार्ड कमी पडत आहे असे समजू नये.

बॅटरीवर आणि रोजच्या कामात

चार्जर काढल्यावरच लुकलुक सुरू होते अशी तक्रार असेल तर पुन्हा एफपीएसकडेच पाहावे. बॅटरीवर कार्डाची शक्ती कमी होते आणि एनव्हीडियाचे बॅटरी बूस्ट किंवा उत्पादकाचे अ‍ॅप फ्रेम रेट कमी पातळीवर बांधते. ज्या पट्ट्याचे खालचे टोक ६० हर्ट्झ आहे तिथे ३० ही सर्वांत वाईट मर्यादा आहे, कारण ३० ची दुप्पट बरोबर ६०, म्हणजे सीमेवरच. फ्रेम जराशी उशिरा आली की तिप्पट होऊन पॅनेल ९० च्या आसपास जाते. मर्यादा ३५ किंवा ४० केल्यास पॅनेल ७० ते ८० मध्ये शांत राहते. शिवाय काही लॅपटॉप बॅटरीवर स्क्रीन स्वतःहून ६० हर्ट्झवर आणतात. तिथे पट्टा उरतच नाही आणि सिंक चालू दिसत असूनही चित्र फाटते किंवा अडखळते. हे "Advanced display" या पानावर एका नजरेत कळते.

गेम बंद असतानाही, ब्राउझर किंवा चॅट वापरताना उजेड हलत असेल तर "Set up G-SYNC" पानावर "Enable for windowed and full screen mode" निवडले आहे का ते पाहावे. या स्थितीत खिडकीत चालणारे एखादे अ‍ॅप स्क्रीनचा ताल आपल्याकडे घेते, ते जेव्हा चित्र बदलेल तेव्हाच पॅनेल ताजे होते आणि माउस हलवताच रिफ्रेश रेट उसळतो. "Enable for full screen mode" निवडल्यावर ही तक्रार बहुधा जाते. विंडोज ११ मधील "Dynamic refresh rate" हा निराळा पर्याय आहे. तो गेमच्या फ्रेमशी ताल जुळवत नाही. वाचताना रिफ्रेश रेट ६० वर ठेवून स्क्रोल करताना तो १२० किंवा त्याहून वर नेतो, आणि त्याचा हेतू बॅटरी वाचवणे हा आहे. करड्या पार्श्वभूमीवर स्क्रोल सुरू करतानाच छटा बदलल्यासारखी वाटत असेल तर हा पर्याय बंद करून पाहावा.

चित्रपट पाहताना अ‍ॅडॅप्टिव्ह सिंकचा लाभ सहसा मिळत नाही, कारण ब्राउझरमधील व्हिडिओ डेस्कटॉपच्या ठरावीक तालावर दाखवला जातो. तिथे योग्य रिफ्रेश रेट निवडणेच कामाचे आहे. २४ फ्रेमचा चित्रपट १२० हर्ट्झवर प्रत्येक चित्र पाच वेळा आणि १४४ वर सहा वेळा दाखवून एकसारखा चालतो. ६० वर एक चित्र तीनदा, पुढचे दोनदा असे होते आणि कॅमेरा सावकाश फिरताना ते खटकते. १६५ हर्ट्झवर २४, ३० आणि ६० यांपैकी एकही पूर्ण भाग जात नाही, हा त्या आकड्याचा मोठाच गैरसोयीचा भाग आहे. म्हणून अशा पॅनेलवर डेस्कटॉप १२० वर ठेवावा आणि १६५ फक्त गेमच्या आतील सेटिंगमध्ये निवडावे. पॅनेलने १२० चा पर्याय दिलाच नसेल तर सीआरयूमध्ये तो नव्याने जोडता येतो, आणि खालचे टोक हलवण्याच्या तुलनेत हा बदल बराच कमी जोखमीचा आहे.